हिंदी मोठ्याने वाचताना 'अ' कुठे गाळायचा?

मराठी माणसाला हिंदी वाचता येतं, कारण लिपी तीच आहे. आणि मोठ्याने वाचायला घेतल्यावर तो चटकन ओळखू येतो, तेही लिपी तीच असल्यामुळेच. समोर 'भारतीय' लिहिलेलं असतं, डोळ्यांना ते आपलंच वाटतं आणि तोंडातून मराठी 'भारतीय' बाहेर पडतं. अक्षर न् अक्षर बरोबर, तरी हिंदी कानाला ते खटकतं. हिंदी भाषक तिथे 'र'मधला अ म्हणतच नाही. तो 'भार-तीय' असं दोन तुकड्यांत म्हणतो, आपण 'भा-र-तीय' असं तीन तुकड्यांत.

देवनागरीत प्रत्येक सुट्ट्या व्यंजनाच्या पोटात एक अ गृहीत धरलेला असतो. भाषाशास्त्रात त्याला श्वा म्हणतात. संस्कृतात तो सगळीकडे म्हणायचा. आजच्या भाषांनी बोलताना तो अनेक जागी टाकून दिला, पण लिहिताना अक्षराचा पाय मोडला नाही. त्यामुळे कुठला अ म्हणायचा आणि कुठला गाळायचा हे कागद सांगत नाही, वाचणाऱ्याला ते माहीत असावं लागतं.

तुम्हाला ते बरंचसं माहीत आहेच. 'घर' हा शब्द तुम्ही 'घर्' असाच म्हणता आणि 'करतो' हा 'कर्तो' असाच. मराठीही अ गाळते, आणि पुष्कळ जागी अगदी हिंदीसारखाच गाळते. म्हणून सगळं नव्याने शिकायची गरज नाही. चुका ठरावीक जागी होतात, तेवढ्या जागा ओळखायच्या. त्यातली सर्वात ठळक जागा शब्दाच्या शेवटी आहे.

पहिली पायरी: शेवटचं जोडाक्षर

शब्द सुट्ट्या अक्षराने संपत असेल तर काही करायचं नाही. केवल, ताकत, समाज, किताब हे शब्द तुमची जीभ आपोआप बरोबर म्हणते. शब्द जोडाक्षराने संपला की मात्र दोन भाषांची वाट वेगळी होते. 'धर्म', 'शब्द', 'अर्थ', 'दर्द', 'दोस्त' हे शब्द मराठीत आपण शेवटचा अ ठेवून म्हणतो, 'धर्-म', 'शब्-द' असे. हिंदीत हेच शब्द एका झटक्यात संपतात: धर्म्, शब्द्, अर्थ्, दर्द्, दोस्त्. शेवटी स्वर नाही. 'दर्द'ला मराठीत दोन टाळ्या पडतात, हिंदीत एक.

'दर्द', 'दोस्त', 'वक़्त', 'गोश्त' असे शब्द फारसी-अरबीतून आले. त्यांच्या शेवटी मुळातही स्वर नव्हता. देवनागरीत लिहिताना तो दिसू लागला, आणि आपण त्याला आवाज दिला. 'धर्म', 'अर्थ' हे संस्कृत शब्द. त्यांना शेवटी स्वर होता, पण हिंदीने तो सोडला.

सराव करायचा तर सुटा शब्द घेऊ नका. सुट्या शब्दाच्या शेवटी दम सोडताना थोडा अ निसटतोच आणि आपण बरोबर म्हटलं की नाही ते कळत नाही. त्याऐवजी पुढे स्वराने सुरू होणारा शब्द जोडा. 'शब्द और अर्थ' म्हणून बघा. बरोबर जमलं तर 'शब्दौर' असं एकसंध ऐकू येतं, म्हणजे 'द्' थेट 'औ'ला जाऊन चिकटतो. मराठी सवय आड आली तर 'शब्द' आणि 'और' यांच्यामध्ये एक छोटी पायरी जाणवते. तसंच 'दर्द उठा', 'वक़्त आया', 'दोस्त ऐसा'. व्यंजनाने सुरू होणारा शब्द पुढे घेतला तर थोडं जड जाईल, कारण 'दर्द था' यात तीन व्यंजनं एकापाठोपाठ येतात. तिथे मध्ये अ घुसवायचा मोह होतो. 'द्' म्हणताना जीभ दाताला टेकवा आणि न सोडता तिथूनच 'था' म्हणा.

आता एक सवलत. 'सत्य', 'राज्य', 'मित्र', 'चंद्र', 'शुक्ल', 'पक्व' अशा शब्दांत शेवटचं व्यंजन य, र, ल किंवा व आहे आणि त्याच्या आधी त, क, ज, द असा अडवून सोडायचा वर्ण आहे. असा जोड स्वराशिवाय संपवणं कुणालाच सोपं जात नाही, म्हणून हिंदी भाषकाच्या तोंडूनही शेवटी पुसटसा अ येतो. इथे तुमचा मराठी उच्चार चालून जातो, फक्त तो अ लांबवू नका. पण 'गर्व', 'पूर्व', 'सर्व' यांना ही सवलत नाही. तिथे व शेवटी असला तरी त्याच्या आधी र आहे, आणि र्व सहज बंद होतो: गर्व्, पूर्व्. 'गर्व से' हे दोन शब्द वाचताना मराठी माणूस हमखास ओळखू येतो तो इथेच.

बोलीभाषेतल्या हिंदीत हेच जोड वेगळ्या रीतीने फोडलेले ऐकू येतात: धरम, करम, जनम, शरम. म्हणजे जोडाक्षराची अडचण त्यांनाही होते, पण ते अ मध्ये घालतात आणि आपण शेवटी. छापलेला 'धर्म' वाचताना 'धरम' म्हणू नये, पण मराठी 'धर्म'पेक्षा हिंदी कानाला तो जवळचा वाटतो, एवढं खरं.

दुसरी पायरी: मधला अ

मधल्या अ साठी एक नियम आहे. मंजरी ओहाला यांनी हिंदी ध्वनिव्यवस्थेवरच्या १९८३ सालच्या पुस्तकात तो नीट मांडला आहे. व्याकरणाच्या चिन्हांत न शिरता तो असा सांगता येईल.

एखाद्या सुट्ट्या अक्षरातला अ गळतो, जर त्याच्या आधीच्या अक्षराचा स्वर ऐकू येत असेल आणि त्याच्या पुढचं अक्षरही सुट्टं असून त्याचाही स्वर ऐकू येत असेल. तो अ स्वतःच जोडाक्षरात असेल किंवा त्याच्या पुढे जोडाक्षर असेल तर तो राहतो. पहिल्या अक्षरातला अ कधीच गळत नाही. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे तपासणी शब्दाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे करायची.

शेवटाकडून का, ते 'चमक' या एका शब्दाच्या कुटुंबावरून दिसेल. 'चमक'मध्ये शेवटच्या क चा अ आधीच गेला. आता म चा अ तपासू. त्याच्या पुढे 'क्' आहे, पण त्याला स्वर नाही, म्हणून म चा अ राहिला: चमक्. 'चमका' घ्या. शेवटी 'का', त्याला आ आहे. म च्या आधी च, त्यालाही स्वर. दोन्ही अटी पूर्ण झाल्या, म चा अ गेला: चम-का. आता 'चमकना'. उजवीकडून पहिला अ क चा. पुढे 'ना', आधी 'म', दोघांनाही स्वर. क चा अ गेला. मग म कडे आलो, तर त्याच्या पुढच्या क चा स्वर आता उरलेलाच नाही. म्हणून म चा अ सुरक्षित: चमक-ना. डावीकडून सुरुवात केली असती तर आधी म चा अ गेला असता आणि 'चम-कना' असा चुकीचा उच्चार झाला असता. 'चमकीला'ला 'चम-कीला', 'चमकता'ला 'चमक-ता', 'चमकाना'ला 'चम-काना'. एक गळला की त्याचा शेजारी वाचतो.

क्रियापदांत मराठी वाचक फारसा अडखळत नाही. 'चमकणे' आपणही 'चमक-णे' असंच म्हणतो, 'बदलणे' आपणही 'बदल-णे'. त्यामुळे 'बदलना', 'निकलना', 'समझना', 'पिघलता' हे तोंडात बसतात. खरी अडचण पुढे आहे, तीही तुम्हाला जे शब्द सर्वात ओळखीचे वाटतात त्यांत.

तिसरी पायरी: दोन्ही भाषांतले तत्सम शब्द

संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मराठी वाचक जरा मान राखून, अक्षरं मोजून म्हणतो. हिंदीने त्यांनाही वरचाच नियम लावला आहे. म्हणून 'मानसिक', 'प्राथमिक', 'नागरिक', 'भारतीय', 'मानवीय', 'सफलता', 'मानवता', 'विशेषता', 'आवश्यकता' हे शब्द दिसले की सावध व्हायचं. अनोळखी शब्दापाशी आपण थांबतो, विचार करतो. इथे थांबत नाही, कारण शब्द आपला वाटतो.

बहुतेक चुका शेवटच्या प्रत्ययाशी होतात. प्रत्यय ओळखला की काम झालं.

'-इक' लागलेला शब्द: 'मानसिक'मध्ये न चा अ तपासा. आधी 'मा', पुढे 'सि'. गेला: मान-सिक. 'प्राथमिक'मध्ये थ चा अ गेला: प्राथ-मिक. 'नागरिक'चं नाग-रिक होतं, अगदी संथ आणि औपचारिक वाचनात ग चा अ राखलेलाही ऐकू येतो, पण रोजच्या हिंदीत नाही. आता 'माध्यमिक' बघा. तिथे अ 'ध्य' या जोडाक्षरात आहे, म्हणून तो राहतो: माध्-य-मिक. 'प्राथमिक और माध्यमिक' ही जोडी मोठ्याने म्हणून बघण्यासारखी आहे. पहिल्यात अ गळतो, दुसऱ्यात टिकतो, आणि दोन्ही मराठी पद्धतीने वाचले तर दोन्हींत तो सारखाच ऐकू येतो. 'वास्तविक' हाही 'माध्यमिक'च्या बाजूचा, कारण त्यात 'स्त' आहे.

'-ईय' लागलेला: भार-तीय, मान-वीय. 'राष्ट्रीय' आणि 'स्थानीय' यांच्यात मधे सुट्टा अ नाहीच, तिथे प्रश्न येत नाही.

'-ता' लागलेला: हा प्रकार सर्वात भरवशाचा आहे. मूळ शब्द हिंदीसारखा म्हणा आणि पुढे नुसता 'ता' जोडा. सफल्, मग सफल-ता. मानव्, मग मानव-ता. विशेष्, मग विशेष-ता. सुंदर्, मग सुंदर-ता. आवश्यक्, मग आवश्यक-ता. मराठीत 'मानवता' चार तुकड्यांत म्हणतात, हिंदीत ती तीन तुकड्यांत संपते. मूळ शब्द जोडाक्षराने संपत असेल, उदाहरणार्थ 'स्वतंत्र', तर मात्र 'ता'च्या आधीचा अ राहतो: स्वतंत्र-ता, म्हणजे त्र मधला अ ऐकू आला पाहिजे.

इथे एक बारकावा आहे आणि तो पुस्तकात सहसा सापडत नाही. वर मी 'नाग-रिक' असं तोडून लिहिलं, 'नाग्रिक' असं जोडून नाही. जोडून लिहिलं की मराठी वाचक ते जोडाक्षर समजतो आणि सवयीने आधीच्या अक्षरावर आघात देतो. मग 'नाग्ग्रिक' असं काहीतरी ऐकू येतं, जे मूळ चुकीपेक्षा वाईट. हिंदीत ग् पहिल्या तुकड्याचा शेवट असतो आणि र दुसऱ्या तुकड्याची सुरुवात. दोन्ही शेजारी येतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून सराव करताना वहीत जोडाक्षर लिहू नका, मधे छोटी आडवी रेघ द्या.

चौथी पायरी: अनेकवचनं आणि एक फसवी जोडी

'ख़बर'चं अनेकवचन 'ख़बरें'. एकवचनात ब चा अ ऐकू येतो, अनेकवचनात तो नियमाप्रमाणे जातो: ख़ब-रें. तसंच सड़क आणि सड़-कें, नज़र आणि नज़-रें, क़दम आणि क़द-मों. छापील मजकुरात ही रूपं वारंवार येतात, आणि 'ख़-ब-रें' अशी वाचली की वाक्याची लय अडखळते. मराठीत 'नजर'चं 'नजरा' करताना आपण हेच करतो, तेवढं आठवा.

पण 'उलझन' घ्या. एकवचन 'उल-झन', ल चा अ गेलेला. अनेकवचन 'उलझनें'. नियम यांत्रिकपणे लावला तर उजवीकडून झ चा अ जायला हवा आणि उच्चार 'उलझ-नें' व्हायला हवा. प्रत्यक्षात तो 'उल-झनें' असतो. नामाने एकवचनातला आकार धरून ठेवला आहे. उलट 'उलझना' या क्रियापदाचं 'उलझने लगा' हे रूप घेतलं तर तिथे 'उलझ-ने' असाच उच्चार होतो. लिहिताना दोघांत फरक फक्त शेवटच्या अनुस्वाराचा. 'धागे उलझने लगे' आणि 'मन की उलझनें' ही दोन वाक्यं एका पाठोपाठ वाचा, मधला अ कुठे सरकतो ते कानाला कळेल. 'धड़कने' आणि 'धड़कनें' यांचंही असंच.

यातून कामाची सूचना एवढीच, की रूप लांब असेल तर आधी मूळ शब्द मनात म्हणा. मूळ शब्दात एक अ आधीच गळलेला असेल, तर अनेकवचनात तो तसाच गळलेला राहतो आणि शेजारचा अ टिकतो.

नियम न पाळणारे आणखीही काही शब्द आहेत. 'जनवरी' आणि 'फ़रवरी' नियमाने 'जनव-री', 'फ़रव-री' व्हायला हवेत, पण हिंदीत ते 'जन-वरी', 'फ़र-वरी' आहेत. उपसर्ग आणि समासही नियमाला अडवतात. 'बेख़बर' हा 'बे' आणि 'ख़बर' मिळून झाला आहे, तो 'बेख़-बर' होत नाही. 'नासमझ' हा 'नास-मझ' होत नाही. 'असफल'मध्ये स चा अ राहतो, कारण तो 'सफल'चा पहिला अ आहे. इथे मराठी वाचकाची जाण बहुधा दगा देत नाही, कारण शब्द कुठे जोडला आहे ते आपल्यालाही दिसतं.

ह च्या आधीचा अ

हे अ गळण्याचं प्रकरण नाही, पण त्याला लागूनच येतं, आणि मराठी उच्चार यातून लगेच कळतो. ह च्या आधी अ असेल आणि ह ला अ सोडून दुसरा कुठलाही स्वर नसेल, तर हिंदीत तो अ बदलतो. तो ऱ्हस्व ए आणि ॲ यांच्या मधे कुठेतरी जातो. 'पहला' हा 'पेह-ला'च्या जवळ, 'रहना' हा 'रेह-ना', 'कहते' हा 'केह-ते'. ह चा अ टिकून असेल तर तोही ओढला जातो: 'शहर' हा 'शेहेर'सारखा, 'बहन' हा 'बेहेन'सारखा, 'महल' हा 'मेहेल'सारखा. ए दीर्घ करू नका, तो निसटता हवा.

ह ला आ, ई असा दुसरा स्वर असेल तर काहीच बदलत नाही. 'रहा', 'कहाँ', 'सही', 'महान' यांत अ शुद्ध राहतो. म्हणून 'रहना' आणि 'रहा' या एकाच धातूच्या दोन रूपांत पहिला स्वर वेगळा ऐकू येतो. 'बहुत'चं वेगळंच आहे, तिथे अ ओ कडे झुकतो. 'यह' आणि 'वह' बोलताना 'ये' आणि 'वो' होतात, वाचतानाही बहुतेक जण तसंच म्हणतात.

ज्ञ, च-ज आणि ऐ-औ यांचे फरक मी इथे मुद्दाम घेतले नाहीत. सगळं एकदम सुधारायला गेलं की वाचताना जीभ दर शब्दाला थबकते.

एक परिच्छेद खुणा करून

आता हे कागदावर करून बघू. असा मजकूर समोर आहे असं समजा:

'हमारे शहर के नागरिक मानसिक स्वास्थ्य को लेकर पहले से ज़्यादा सजग हैं। सफलता का अर्थ केवल धन नहीं, यह समझना ज़रूरी है। दोस्त के दर्द को समझने वाले लोग ही भारतीय समाज की असली ताकत हैं।'

पेन्सिल घ्या. पहिल्या फेरीत फक्त शब्दांचे शेवट बघा. जोडाक्षराने संपणारे शब्द चार: स्वास्थ्य, अर्थ, दोस्त, दर्द. 'स्वास्थ्य'मध्ये थ च्या पुढे य आहे, म्हणून पुसट अ चालेल, त्याला सोडून द्या. बाकीच्या तिघांच्या शेवटच्या अक्षराचा पाय मोडा. त्यांच्या पुढे काय येतं तेही बघा: 'अर्थ केवल', 'दोस्त के', 'दर्द को'. तिन्ही ठिकाणी पुढे क आहे, म्हणजे मधे अ घुसायची भीती सर्वात जास्त. ही तीन ठिकाणं सुटी काढून आधी घोकून घ्या.

दुसऱ्या फेरीत प्रत्यय शोधा. -इक दोनदा आहे, -ता एकदा, -ईय एकदा. रेघा मारा: नाग-रिक, मान-सिक, सफल-ता, भार-तीय. तिसऱ्या फेरीत उरलेले लांब शब्द. समझ-ना, समझ-ने, अस-ली. हे तुमच्याकडून आपोआप बरोबर येतील. 'असली' तर मराठीतही 'अस-ली'च आहे. 'सजग' आणि 'ताकत' यांना हात लावायचा नाही, कारण शेवटचा अ गेल्यावर मधला राहतो. चौथ्या फेरीत ह: शहर, पहले, यह. 'नहीं'मध्ये ह ला ई आहे, ते सोडा.

हा एवढा मजकूर आधी मराठी सवयीने आणि मग खुणांप्रमाणे वाचून फोनवर रेकॉर्ड करा, आणि दोन्ही लागोपाठ ऐका. वाचत असताना स्वतःचा जादा अ स्वतःला ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये येतो. दुसरी रेकॉर्डिंग पहिलीपेक्षा किंचित लवकर संपते, कारण तुकडे कमी झालेले असतात. ती लवकर संपली नाही तर कुठेतरी गळलेल्या अ च्या जागी तुम्ही थांबता आहात. 'नाग' म्हणून थांबून 'रिक', असं. दोन तुकडे हवेत, दोन शब्द नकोत. पडताळून बघायला आकाशवाणीची हिंदी बातमीपत्रं बरी, तिथला निवेदक स्पष्ट बोलतो आणि हे सगळे शब्द रोज येतात.

जास्तीची दुरुस्ती

नियम कळल्यावर काही दिवस माणूस दिसेल तो अ गाळत सुटतो. 'पार्वती'चं 'पार्व्ती' होतं, 'स्वतंत्रता'चं 'स्वतंत्र्ता'. दोन्ही चूक, कारण तो अ जोडाक्षरातला आहे. एकापाठोपाठ तीन व्यंजनं तोंडात अडकू लागली तर समजा की गाळू नये तो अ गाळला. अपवाद शेवटच्या जोडाचा, 'दर्द था'सारखा, तिथे ती तीन खरोखरच येतात. अनुस्वार मात्र या हिशोबात जोडाक्षर धरू नका: 'जंगली' हा हिंदीतही 'जंग-ली'च.

आणि पद्य असेल तर यातलं जवळजवळ काहीच लावू नका. अवधी-ब्रजमधल्या चौपाया आणि दोहे मात्रा मोजून रचलेले आहेत, आणि लिहिलेला प्रत्येक अ त्या मोजणीत धरलेला आहे. पठणात 'मंगल'मधला ल आणि 'भवन'मधला न पूर्ण म्हणतात. तिथे गद्याच्या सवयीने अ गाळला तर चरणात मात्रा कमी पडते आणि ताल तुटतो. गाण्यांतही चालीला हवा असेल तिथे गळलेला अ परत येतो. खड़ी बोलीतली आधुनिक कविता यांच्या मधे कुठेतरी असते. छंदातली असेल तर आधी एका ओळीच्या मात्रा मोजा. अ गाळून हिशोब जुळत नसेल, तर तो म्हणायचा.